टप्प्याच्या व्हिडिओवरून e काढताना उंची एक सांगते आणि वेळ दुसरंच, तेव्हा काय करायचं

प्रश्न: एफवायच्या फिजिक्स प्रॅक्टिकलसाठी टेबल टेनिसचा बॉल १ मीटरवरून टाइल्सवर सोडला आणि मोबाइलने ३० एफपीएसला शूट केला. टेप भिंतीला चिकटवलेली, बॉल भिंतीपासून साधारण १५ सेंमी पुढे, मोबाइल बॉलपासून दीड मीटरवर, लेन्स १ मीटर उंचीवर. बॉलच्या खालच्या कडेवरून उंच्या वाचल्या त्या १००, ६२, ४१, २९, २१ सेंमी, म्हणजे e, टप्प्यानंतरच्या आणि आधीच्या वेगाचं गुणोत्तर √(h₂/h₁), ०.७९, ०.८१, ०.८४, ०.८५. टप्प्यांमधल्या फ्रेम मोजल्या तर २२, १८, १७, १४, त्यावरून e ०.८२, ०.९४, ०.८२. सर म्हणतात e कॉन्स्टंट यायला पाहिजे. कुठलं बरोबर धरू आणि जर्नलमध्ये काय लिहू?

उत्तर:

दोन्ही सेटमध्ये गडबड आहे पण दोन वेगळ्या प्रकारची, आणि चांगली गोष्ट म्हणजे तू सगळी मापं आणि मोबाइल कुठे होता तेही लिहिलंयस, त्यामुळे परत शूट न करताही बरंच काही दुरुस्त होतं. मी गेली बरीच वर्षं हे प्रॅक्टिकल घेते, आधी स्टॉपवॉचवर घ्यायचो आता मोबाइलवर, आणि e काढायच्या आधी मी मुलांना नेहमी एकच गोष्ट करायला लावते. उंची आणि वेळ एकमेकांशी जुळतात का ते बघायचं.

एका टप्प्यापासून पुढच्या टप्प्यापर्यंत बॉल वर जातो आणि खाली येतो, त्याला लागलेला वेळ T असेल तर अर्धा वेळ वर जायला आणि अर्धा खाली यायला, म्हणून मधली कमाल उंची अशी निघते:

```
h = g*T*T/8
```

g आपल्याकडे ९.७८ घे, महाराष्ट्रात ९.८१ नसतो. यात e कुठेच नाही हे लक्षात घे, म्हणजे फरशी कशीही असो, बॉल कुठलाही असो, प्रत्येक उडीसाठी h आणि T यांचं हे नातं पाळलं गेलंच पाहिजे. हवेचा अडथळा असला तरी हे जवळपास तसंच राहतं कारण वर जाताना वेळ थोडा कमी लागतो आणि खाली येताना थोडा जास्त, ते एकमेकांना खाऊन टाकतात. तर तुझे आकडे घालून बघू. २२ फ्रेम म्हणजे ०.७३३ सेकंद, त्यावरून उंची ६६ सेंमी येते, टेपवर तू वाचलीस ६२. १८ फ्रेमवरून ४४, टेपवर ४१. १७ फ्रेमवरून ३९, टेपवर २९. १४ फ्रेमवरून २७, टेपवर २१.

आता हे नीट बघ. फ्रेम मोजण्यात चूक असणारच, टप्पा नेमका फ्रेमवर पडत नाही दोन फ्रेमच्या मध्ये कुठेतरी पडतो, त्यामुळे T मध्ये एका फ्रेमपर्यंत चूक धर, १७ फ्रेममागे एक म्हणजे ६ टक्के आणि उंचीत T चा वर्ग असल्यामुळे १२ टक्के. पण अशी चूक कधी जास्त कधी कमी अशी दोन्हीकडे पडते. तुझ्या चारही उड्यांत टेपची उंची कमीच आहे, एकदाही जास्त नाही. सगळी चूक एकाच बाजूला झुकली की समजायचं की हा नुसता नशिबाचा भाग नाही, मापायच्या पद्धतीतच काहीतरी आहे. इथे ते पॅरॅलॅक्स आहे.

टेप भिंतीवर आहे आणि बॉल तिच्या १५ सेंमी पुढे, म्हणजे मोबाइलमधून बॉलला शिवून जाणारी नजरेची रेघ पुढे भिंतीपर्यंत जाते आणि जिथे भिंतीला लागते तो आकडा तू वाचतोयस असं होतं. लेन्सपासून बॉल १.५ मीटर, भिंत १.६५ मीटर, म्हणजे लेन्सच्या पातळीपासून बॉल जितका खाली आहे त्याच्या १.१ पट खालचा आकडा भिंतीवर दिसतो. लेन्स १ मीटरवर होती म्हणून सोडतानाचा १०० चा आकडा अगदी बरोबर आला, आणि तिथेच फसगत झाली, कारण पहिलं रीडिंग बरोबर दिसलं की पुढच्यांवर कोणी शंका घेत नाही. बॉल जितका खाली तितकी चूक जास्त. खात्री करायची असेल तर व्हिडिओ टप्पा पडायच्या फ्रेमवर थांबव, बॉल फरशीला टेकलेला असताना टेपचं शून्य बॉलच्या बरंच वर दिसेल, दिसायला नको होतं ना, पण दिसेल, हिशोबाने टेपवर तो टप्पा उणे १० सेंमीला पडतो.

तुझी मापं माहीत आहेत म्हणून उलटा हिशोब सोपा आहे. ६२ म्हणजे लेन्सच्या ३८ सेंमी खाली दिसला, ३८ भागिले १.१ म्हणजे ३४.५, म्हणून खरी उंची ६५.५. तसंच ४१ चे होतात ४६.४, २९ चे ३५.५, २१ चे २८.२. आता परत e काढ, ०.८१, ०.८४, ०.८७, ०.८९ येतात. म्हणजे पॅरॅलॅक्सने सगळे e खाली ओढले होते, दोन ते चार शतांशांनी.

यावर बरेच जण म्हणतात की e मध्ये तर उंचीचं गुणोत्तर आहे, स्केल चुकलं तरी वर-खाली कॅन्सल होतं. स्केल कॅन्सल होतं हे खरं, टेपवरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा १० टक्के मोठा असता तर काही बिघडलं नसतं. कॅन्सल होत नाही ते शून्य. उंची कुठून मोजायची ती जागाच सरकली तर मोठ्या उंचीत आणि छोट्या उंचीत सारखेच सेंटिमीटर कमी होतात आणि गुणोत्तर बिघडतं, आणि पुढच्या पुढच्या टप्प्यांत जास्त बिघडतं. बॉलचा मध्य मोजून त्रिज्या वजा करायला विसरणं ही पण याच जातीची चूक आहे. तू खालची कड वाचलीस ते बरोबर केलंस.

पुढच्या वेळी शूट करताना टेप भिंतीला लावूच नकोस. बॉल जिथून पडणार त्याच जागी मीटरपट्टी उभी धरून पाच सेकंद शूट कर, मग पट्टी काढ आणि मोबाइल न हलवता बॉल सोड. स्केल बॉलच्याच पातळीत आलं की पॅरॅलॅक्स मुळातच संपला. मोबाइल शक्य तितका मागे ने, अडीच-तीन मीटर, आणि लेन्स अर्ध्या उंचीवर ठेव म्हणजे ५० सेंमीच्या आसपास. शून्य मात्र पट्टीवरून न घेता बॉल टेकलेल्या फ्रेमवरून घे, ट्रॅकर सॉफ्टवेअर वापरत असशील तर ओरिजिन तिथेच ठेव.

आणि एक, उंचीसाठी ३० एफपीएस कमी पडतात असं वाटत असेल तर तसं नाही. बॉल सर्वात वर असतो तेव्हा जवळजवळ थांबलेला असतो, नेमका टोकाचा क्षण अर्ध्या फ्रेमने म्हणजे १/६० सेकंदाने हुकला तरी उंचीत फरक पडतो फक्त १.४ मिलिमीटरचा. उलट टप्प्याजवळ बॉल सेकंदाला चार मीटरने येतो, ट्यूबलाइटच्या उजेडात मोबाइलचं शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर त्याची सहा-सात सेंटिमीटरची पांढरी रेघ दिसते, बॉल दिसतच नाही. म्हणून उंची वरच्या टोकाला वाचायची आणि वेळ दुसऱ्या मार्गाने काढायचा.

तो दुसरा मार्ग त्याच व्हिडिओत आहे आणि कोणी वापरत नाही, तो म्हणजे आवाज. मोबाइल चित्र सेकंदाला ३० वेळा घेतो पण आवाज सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा. टेबल टेनिसच्या बॉलचा टक् इतका तीक्ष्ण असतो की त्याची सुरुवात मिलिसेकंदाच्या आत पकडता येते. आवाज तुझ्या मोबाइलपर्यंत यायला पाच-सव्वापाच मिलिसेकंद लागतात पण प्रत्येक टप्प्याला तेवढेच लागतात त्यामुळे फरक घेताना ते निघून जातात. व्हिडिओतून आवाज असा काढ:

```
ffmpeg -i ball.mp4 -vn -ac 1 ball.wav
```

ही फाइल ऑडॅसिटीत उघड, झूम कर, टप्प्यांचे उभे काटे स्पष्ट दिसतील, प्रत्येकावर कर्सर ठेवून वेळ लिहून घे. एकच पथ्य पाळायचं, प्रत्येक काट्यावर तीच जागा धरायची. मोबाइल आवाज कॉम्प्रेस करतो त्यामुळे खऱ्या टक् च्या किंचित आधी थोडी खरखर दिसू शकते, तिला सुरुवात समजू नकोस, मी पहिलं मोठं शिखर धरायला सांगते कारण ते सगळ्या काट्यांत सारखं ओळखता येतं. नंतर भिंतीवरून परतलेला आवाज येतो तो पण सोडून द्यायचा. आणि पंखा बंद कर, आवाजासाठी तर आहेच पण २.७ ग्रॅमच्या बॉलवर पंख्याचा वारा चांगलाच लागतो.

तुझी क्लिप माझ्याकडे नाही पण तुझ्यासारख्याच मांडणीत, १ मीटरवरून, घट्ट बसलेल्या टाइलवर आवाजावरून वेळ मोजले तर साधारण असे येतात, ०.७३१, ०.६१८, ०.५३९, ०.४७८ सेकंद. याच वेळा ३० एफपीएसच्या फ्रेममध्ये बसवून बघ, टप्पे शून्य, २१.९, ४०.५, ५६.६ आणि ७१ व्या फ्रेमच्या जवळ पडतात, ते पूर्णांकात घेतले की बरोबर तुझे २२, १८, १७, १४ तयार होतात. म्हणजे तुझा ०.९४ कुठून आला तर बॉलने काही वेगळं केलं नाही, एक टप्पा ४० आणि ४१ च्या मध्ये पडला आणि तुला त्यातली एक निवडावी लागली, त्यामुळे आधीची उडी अर्ध्या फ्रेमने छोटी झाली आणि पुढची तेवढीच मोठी. एकाच चुकीने तिन्ही e आलटूनपालटून उलट दिशांना ढकलले, म्हणून तुझे आकडे खाली-वर-खाली असे नाचतात. असा नाच दिसला की फ्रेम रेट कमी पडतोय असं खुशाल समज.

आवाजाच्या वेळांवरून e = T₂/T₁ काढ, ०.८४५, ०.८७२, ०.८८७. आणि वरच्या सूत्राने उंच्या काढ, ६५.३, ४६.७, ३५.५, २७.९ सेंमी. पॅरॅलॅक्स काढून तुझ्या टेपच्या उंच्या होत्या ६५.५, ४६.४, ३५.५, २८.२. तीन मिलिमीटरच्या आत जुळतात. दोन अगदी वेगळ्या चुका असलेल्या दोन पद्धती इतक्या जवळ आल्या की मग त्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

स्लो मोशनबद्दल इथेच सांगून टाकते कारण तुझे मित्र तोच सल्ला देतील. २४० एफपीएस चांगलेच, फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची होते. पण फाइल काय वेगाने सेव्ह झालीय ते तपासल्याशिवाय वापरू नकोस. एका बॅचला माझ्या लॅबमध्ये e १.३ आला होता, स्थिर फरशीवर e एकच्या वर जाऊच शकत नाही, आणि मुलांनी तीन वेळा मोजून तेच येत होतं. शोधल्यावर कळलं की त्या मोबाइलमध्ये स्लो मोशन क्लिपचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग नेहमीच्या वेगाने चालतो आणि फक्त मधला भाग हळू होतो, शेअर करताना ती मिश्र वेगाची फाइलच पुढे गेली, पहिली उडी काही अंशी नेहमीच्या वेगात आणि दुसरी पूर्ण स्लोमध्ये. साध्या मोडमध्येही उजेड कमी असला की काही मोबाइल गुपचूप फ्रेम रेट कमी करतात. फ्रेमच्या खऱ्या वेळा अशा बघता येतात:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=pts_time -of csv=p=0 ball.mp4
```

ओळीओळीतला फरक सगळीकडे ०.०३३ असेल तर ठीक, मध्येच ०.०४ किंवा ०.०६६ दिसला तर फ्रेम मोजून ३० ने भागायचं नाही, या वेळाच वापरायच्या. मात्र स्लो मोशन फाइलमध्ये या वेळा ताणलेल्याही असू शकतात, तिथे शेजारी दुसऱ्या मोबाइलवर स्टॉपवॉच चालू ठेवून तो फ्रेममध्ये घेणं हा सगळ्यात सरळ उपाय.

आता तुझ्या सरांच्या मुद्द्याकडे येते, आणि मला वाटतं या प्रॅक्टिकलमध्ये शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. चुका काढल्यावर आता तुझे e असे आहेत, ०.८१, ०.८५, ०.८७, ०.८९. छान सरळ चढत जातात. कॉन्स्टंट नाहीत. बहुतेक मुलं इथे चारांची सरासरी काढून ०.८५ लिहितात आणि मोकळी होतात. ते करू नकोस, कारण ही चढण खरी आहे आणि तिचं बरंचसं कारण फरशी किंवा बॉलचा टप्पा नाहीच, हवा आहे.

√(h₂/h₁) हे सूत्र असं गृहीत धरतं की बॉल h₁ वरून पडला तेव्हा फरशीला √(2gh₁) या वेगाने लागला. लोखंडी गोळीसाठी ठीक आहे. टेबल टेनिसचा बॉल ४० मिलिमीटर व्यासाचा आणि वजन जेमतेम २.७ ग्रॅम, आतून पोकळ. १ मीटरवरून हवा नसती तर तो ४.४२ मीटर प्रति सेकंदाने लागला असता, प्रत्यक्षात लागतो साधारण ४.१५ ने. वर जातानाही हवा त्याला अडवते त्यामुळे जितका वर जायला हवा तितका जात नाही. दोन्हीकडचा तोटा आपण नकळत टप्प्याच्या नावावर टाकतो आणि e कमी येतो. उंची कमी होत गेली की प्रवासही कमी आणि वेगही कमी, म्हणून हवेचा तोटा कमी होतो आणि e वाढल्यासारखा दिसतो.

हे दुरुस्त करायला फार गणित लागत नाही. एक लांबी काढायची, तिला L म्हणू:

```
L = m/(rho*C*A)
```

m वजन, rho हवेची घनता, A बॉलच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ आणि C म्हणजे ड्रॅग गुणांक, या वेगांना गुळगुळीत गोलासाठी ०.४ ते ०.५ च्या दरम्यान असतो. C ०.४७ आणि घनता १.२ घेतली तर L येते ३.८ मीटर. ढोबळ अर्थ असा की इतकं अंतर गेलं की बॉलच्या वाटेत त्याच्या स्वतःच्या वजनाशी तुलना होईल इतकी हवा आलेली असते. तुझी एकूण उंची १ मीटर, म्हणजे L च्या चौथ्या भागाहून जास्त, तिकडे दुर्लक्ष करून चालणार नाही हे इथेच कळतं. वर-खाली दोन्हीकडचा अडथळा धरून, उंची L पेक्षा बऱ्यापैकी लहान असताना, खरा e असा निघतो:

```
e_khara = sqrt(h2/h1) * (1 + (h1+h2)/(4*L))
```

पहिल्या टप्प्यासाठी h₁ १ मीटर, h₂ ०.६५३, बेरीज १.६५३ भागिले १५.२ म्हणजे जवळजवळ ११ टक्के. ०.८०८ चे झाले ०.८९६. इतका मोठा फरक! सगळे एकदम काढायचे तर:

```
from math import sqrt
g, L = 9.78, 3.8
T = [0.731, 0.618, 0.539, 0.478]
h = [1.00] + [g*t*t/8 for t in T]
for a, b in zip(h, h[1:]):
    e = sqrt(b/a)
    print(round(e, 3), round(e*(1 + (a+b)/(4*L)), 3))
```

हे चालवलंस की डावीकडे साधा e आणि उजवीकडे हवा काढून आलेला e मिळेल, ०.८०८ चा ०.८९६, ०.८४५ चा ०.९०८, ०.८७२ चा ०.९१९ आणि ०.८८७ चा ०.९२४. आधी पहिल्या आणि चौथ्या टप्प्यात आठ शतांशांचं अंतर होतं ते आता तीनवर आलं. म्हणजे चढणीचा मोठा वाटा हवेचा होता.

उरलेली तीन शतांशांची चढण मात्र हवेने खात नाही. C ०.५ घेऊन बघ, L ३.६ होते आणि e ०.९०, ०.९१, ०.९२, ०.९३ येतात, सगळे थोडे वर सरकतात पण चढण तशीच राहते. कारण e हा खरंच वेगावर अवलंबून असतो. जोरात आपटला की बॉलचं पातळ प्लास्टिकचं कवच जास्त आत दबतं आणि जास्त ऊर्जा कवचाच्या कंपनात आणि उष्णतेत जाते, हळू आपटला की कमी. e कॉन्स्टंट असतो हा न्यूटनचा प्रायोगिक नियम आहे, बऱ्याच जोड्यांसाठी थोड्या वेगांच्या पट्ट्यात तो चांगला चालतो, म्हणून सर म्हणतात ते चूक नाही, पण १ मीटरवरून पडण्यापासून ३५.५ सेंटिमीटरवरून पडण्यापर्यंत आघाताचा वेग ४.१५ वरून २.६ वर येतो आणि तितक्या फरकात हा बॉल आपली गोष्ट दाखवतो. आणि न्यूटनने स्वतः काय केलं होतं बघ, १६८७ च्या त्याच्या ग्रंथात दोऱ्याला टांगलेल्या गोळ्यांची टक्कर करून त्याने ही गुणोत्तरं मोजलीत, घट्ट गुंडाळलेल्या लोकरीच्या गोळ्यांसाठी ५ ला ९, काचेसाठी १५ ला १६, आणि मोजायच्या आधी लंबकाला हवेचा किती अडथळा होतो तो काढून वजा कसा करायचा हेही लिहिलंय. तेव्हा हवेची दुरुस्ती केलीस म्हणून कोणी हरकत घेतली तर हे दाखव.

तुझा आकडा भलताच नाही ना हे बघायला एक बाहेरचा आधार पण आहे. टेबल टेनिसच्या नियमांप्रमाणे बॉल ३० सेंमीवरून टेबलावर सोडला तर तो सुमारे २३ सेंमी उसळला पाहिजे. साधा e काढला तर √(२३/३०) म्हणजे ०.८७६. तुझ्याकडे ३५.५ वरून २७.९ ला गेलेली उडी आहे, साधा e ०.८८७. टाइल टेबलापेक्षा कडक, त्यामुळे थोडा जास्त, बरोबर बसतं. यातून अजून एक कळतं की e हा बॉलचा एकट्याचा नसतो, बॉल आणि फरशी या जोडीचा असतो. म्हणून जर्नलमध्ये कुठल्या पृष्ठभागावर सोडला ते लिहायलाच हवं, आणि टाइल ठोकून बघ, खालून पोकळ आवाज आला तर ती जागा बदल, तिथे e दर सोडण्याला वेगळा येतो.

चुकीची मर्यादा काय लिहायची ते. आवाजावरून काढलेल्या प्रत्येक T मध्ये १ मिलिसेकंद धर, त्यामुळे T च्या गुणोत्तरात दोन-तीन हजारांश इतकीच चूक येते, ०.८४५ ± ०.००२. पहिल्या e साठी मात्र सोडायची उंची लागते, ती हाताने सोडताना अर्धा सेंटिमीटर इकडे तिकडे होते, त्याने ०.००२ ची भर पडते. सोडायचा क्षण व्हिडिओत शोधत बसू नकोस, बोटं कधी सुटली ते कोणालाच नीट दिसत नाही. हवा काढून आलेल्या e मध्ये मोठी चूक C आणि घनतेची, समुद्रसपाटीला घनता १.२ च्या जवळ पण पुणे-साताऱ्याच्या उंचीवर १.१ च्या आसपास, हे सगळं धरून पहिल्या e ला ± ०.०१ लाव आणि चौथ्याला ± ०.००५. लक्षात घे की ही चूक चारही आकड्यांना एकाच दिशेने हलवते, म्हणून ती चढण पुसू शकत नाही. याशिवाय पाच वेळा बॉल सोड आणि प्रत्येक टप्प्याचे आकडे किती विखुरतात ते बघ, कुठल्या सोडण्यात बॉल दोन-तीन टप्प्यांत एका टाइलच्या बाहेर गेला असेल तर तो सेट टाकून दे, तिरका गेला म्हणजे स्पिन होता, आणि मोबाइलच्या दिशेने आला असेल तर उंचीचं स्केलही बदललं.

जर्नलमध्ये मी असं लिहायला सांगेन. एक तक्ता, त्यात आघाताचा वेग, साधा e, हवा काढून e. वेगासाठी √(2gh) ला (1 − h/(4L)) ने गुण, तुझ्यासाठी ४.१, ३.४, २.९, २.६ मीटर प्रति सेकंद येतील. निष्कर्षात एकच e न लिहिता लिही की टाइलवर ४.१ मी/से ला e = ०.९० ± ०.०१ आणि २.६ मी/से ला ०.९२ ± ०.००५. खाली टेपच्या उंच्या पॅरॅलॅक्ससकट आणि पॅरॅलॅक्स काढून अशा दोन्ही दाखव, आणि शेजारी gT²/8 च्या उंच्या. सरांना एकच कॉन्स्टंट e हवाच असेल तर हा बॉल सोडून टेनिस बॉल घे, आपला गल्ली क्रिकेटचा, त्याची L २८ मीटरच्या आसपास येते त्यामुळे १ मीटरवरून हवेची दुरुस्ती दीड टक्क्याचीच राहते, फक्त त्याचा टप्पा मऊ असल्यामुळे ऑडॅसिटीत काट्याची सुरुवात इतकी धारदार दिसत नाही, तिथे मोबाइल फरशीवरच टप्प्याच्या जवळ ठेवून आवाज वेगळा रेकॉर्ड कर.